वहीत ‘पूर्ण जेवण’ आणि काट्यावर घट : दुसऱ्याच्या हाताने जेवणाऱ्या बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं पोषण कसं तपासावं

जेवणाच्या वहीत पाच महिने रोज एकच शेरा आहे, ‘पूर्ण जेवण’. त्याच पाच महिन्यांत वजन मात्र जवळजवळ तीन किलोंनी उतरलेलं. वही लिहिणारी माणसं खोटं लिहीत नसतात. ताट रिकामं झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ताटातून गेलेलं सगळं पोटात पोचलं का, हे मात्र त्या शेऱ्यातून कळत नाही.

भूक लागली हे ज्याला सांगता येत नाही, उठून काही घेता येत नाही आणि नको असेल तर फक्त तोंड फिरवता येतं, त्याचं पोषण तपासताना त्याच्या एकट्याकडे पाहून भागत नाही. भरवणारा हात, स्वयंपाकघर आणि वजनकाटा ही तिन्ही तपासावी लागतात. मी आहारतज्ज्ञ म्हणून हे काम ज्या क्रमाने करते, तोच क्रम इथे मांडते. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. अशी अनेक माणसं पाहून ते जुळवलेलं आहे. बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय ताठ, दिवसभर व्हीलचेअर, बोलणं नाही, तीव्र बौद्धिक अक्षमता. तिन्ही वेळचं जेवण दुसऱ्याच्या हातून.

आधी काट्याची तपासणी

वजन घसरलंय असं कोणी सांगितलं, की माझा पहिला प्रश्न ते कसं घेतलं हा असतो. खुर्चीसकट माणसाचं वजन घेऊन त्यातून खुर्चीचं वजन वजा करतात, आणि बहुतेक चुका याच वजाबाकीत होतात. खुर्चीचं वजन कधीतरी एकदा घेऊन भिंतीवर लिहिलेलं असतं. नंतर गादी बदलते, मागे पिशवी लटकते, पुढे ट्रे लागतो, पण भिंतीवरचा आकडा तोच राहतो. म्हणून रिकाम्या खुर्चीचं वजन दर वेळी नव्याने घ्यायचं. माणसाला पलंगावर नेल्यावर लगेच, त्याच गादीसह आणि त्याच पट्ट्यांसह.

बाकीचे नियम साधे आहेत, पण ते पाळले जात नाहीत. वेळ शक्यतो सकाळची, न्याहारीच्या आधीची, लघवी झाल्यावर किंवा डायपर बदलल्यावर. कपडे हलके आणि दर वेळी सारखेच, पायातले ब्रेस आणि बूट काढलेले. खुर्चीची चारही चाकं काट्यावर पूर्ण असावीत आणि मागचं हँडल कोणी धरलेलं नसावं. ही शेवटची चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता काट्याच्या आधी खोलीतल्या सगळ्यांचे हात पाहते. काटा खरा आहे का, हे पाहायला वजन माहीत असलेली एखादी वस्तू त्यावर ठेवून बघावी.

प्रकृती स्थिर असेल तर महिन्यातून एकदा वजन पुरे. घट दिसली किंवा आजारपण झालं की आठवड्यातून एकदा. रोज घेऊ नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे रोजचे आकडे पाण्याचे आणि शौचाचे असतात, अंगाचे नसतात. पायांवर सूज असेल तर तशी नोंद आकड्याच्या शेजारीच करावी, कारण सुजेचं पाणी अंगातली घट झाकून टाकतं.

तक्ता मागे जाऊन वाचावा

दादांच्या तक्त्यावरचे आकडे असे होते : फेब्रुवारी ४६.८ किलो, मार्च ४६.१, एप्रिल ४५.७, मे ४७.३, जून ४४.६, जुलै ४३.९.

दर महिन्याला मागच्या महिन्याशी तुलना केली तर काळजी वाटू नये असाच हा तक्ता आहे. मार्च, एप्रिल आणि जुलैमध्ये घट अर्ध्या-पाऊण किलोची, आणि मे महिन्यात तर वजन वाढलेलं. त्या वाढीने सगळे निश्चिंत झाले. जूनमध्ये आकडा एकदम खाली आला, तेव्हा काट्याचीच गडबड असेल असं म्हणून विषय संपला. गडबड होती, पण ती मे महिन्यात. एप्रिलच्या अखेरीस दादांच्या खुर्चीत नवी गादी आली. ती जुन्या गादीपेक्षा २.१ किलोंनी जड होती आणि वजा केली गेली नव्हती. ती वजा केली की मे महिन्याचा आकडा ४५.२ होतो आणि उतार सरळ दिसतो. जूनमध्ये खुर्चीचं वजन नव्याने घेतलं गेलं, म्हणून तो आकडा खरा निघाला.

टक्का काढायची रीत अशी. जुन्या वजनातून आजचं वजन वजा करा, उत्तराला जुन्या वजनाने भागा आणि शंभराने गुणा. ४६.८ वजा ४३.९ म्हणजे २.९ किलो. भागल्यावर ६.२ टक्के. तीन ते सहा महिन्यांत ठरवून न केलेली ५ ते १० टक्के घट झाली, तर कुपोषणाचा धोका ओळखायच्या ‘मस्ट’ या प्रचलित चाळणीत एक गुण धरतात, आणि १० टक्क्यांच्या वर गेली तर दोन. एकूण दोन किंवा अधिक गुण म्हणजे मोठा धोका.

पण मी सहा महिन्यांवर थांबत नाही. दादांची जुनी फाइल काढली तेव्हा दोन वर्षांपूर्वी त्यांचं वजन ५१ किलो होतं. तिथून मोजलं तर घट जवळजवळ १४ टक्के. मस्टच्या तीन-सहा महिन्यांच्या खिडकीत ती दिसतच नाही. सावकाश उतरणारा माणूस अशाच चाळणीतून निसटतो, कारण प्रत्येक नव्या महिन्याची तुलना आधीच घसरलेल्या महिन्याशी होत राहते. म्हणून तक्त्याच्या माथ्यावर ‘गेल्या दोन वर्षांतलं चांगलं वजन’ हा एक आकडा ठळक लिहून ठेवावा.

बीएमआय अडतो तिथे दंडाचं माप

मस्टमध्ये बीएमआयचेही गुण असतात. १८.५ ते २० ला एक, १८.५ च्या खाली दोन. त्यासाठी उंची लागते, आणि पाठीला बाक व गुडघे आखडलेल्या माणसाची खरी उंची मिळत नाही. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावरून उंचीचा अंदाज बांधता येतो, पण ती कोष्टकं सामान्य वाढ झालेल्या लोकांवरून केलेली आहेत. लहानपणापासून हातपाय वापरात नसतील तर हाडही आखूड राहतं आणि अंदाज चुकतो. डाउन सिंड्रोममध्ये मूळ उंचीच कमी असते. शिवाय ज्याच्या अंगात स्नायूच थोडे, त्याचा बीएमआय ठीक दिसला म्हणून तो सुस्थितीत आहे असं होत नाही.

अशा वेळी दंडाचा घेर कामाला येतो. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण करायची. मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप फिरवायची. टेप त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नाही. हात आखडलेला असेल तर जो सहज सैल होतो तोच हात दर वेळी घ्यावा आणि डावा की उजवा ते लिहावं. घेर २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बीएमआय बहुधा २० च्या खाली आहे असं धरतात. दादांचा घेर भरला २२.६. दंडाच्या मापावरून मस्टचे गुण द्यायचे नसतात, पण एकूण अंदाज बांधायला ते चालतं. ६.२ टक्क्यांची घट आणि हा दंड, दोन्ही एकत्र पाहून मी त्यांना मोठ्या धोक्याच्या गटात टाकलं.

रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा रिपोर्ट पुढे करून ‘पोषण उत्तम आहे’ असं सांगणारे भेटतात. अल्ब्युमिन जंतुसंसर्गात आणि शरीरातल्या दाहात खाली येतं, आणि नुसत्या उपासमारीत बराच काळ ठीक राहू शकतं. पोषण मोजायला ते उपयोगाचं नाही.

जेवताना शेजारी बसा

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. मी किमान तीन जेवणं पाहते, आणि ती वेगवेगळ्या भरवणाऱ्यांची असावीत असा आग्रह धरते. पहिल्या दिवशी सगळेच जपून भरवतात, कारण कोणीतरी पाहत असतं. त्यामुळे पहिल्या जेवणावरून निष्कर्ष काढत नाही. बसण्याची जागा बाजूला, जिथून तोंड आणि गळा दोन्ही दिसतील आणि मी त्यांच्या नजरेच्या आड येणार नाही अशी. हातात घड्याळ, स्वयंपाकघरातला छोटा काटा आणि कोरा कागद. आणि आधीच सांगून ठेवायचं, ‘मावशी, तुमची परीक्षा घ्यायला आले नाही. दादांचं जेवण कुठे जातंय ते शोधतेय.’

जेवण सुरू व्हायच्या आधी तीन वजनं घ्यायची. वाढलेल्या ताटाचं, रिकाम्या ताटाचं आणि छातीवर बांधायच्या कापडाचं. (त्याला लाळेरं म्हणू नये. ते लहान मुलांचं असतं, आणि दादा बेचाळीस वर्षांचे आहेत.) जेवण झाल्यावर ताट आणि कापड पुन्हा काट्यावर ठेवायचं. मांडीवर नि जमिनीवर सांडलेलंही गोळा करून मोजायचं. कापडात लाळही येते, म्हणून हा हिशोब ढोबळ असतो, पण ‘पूर्ण’ या शब्दापेक्षा कितीतरी खरा.

अधूनमधून मान वर करून पाहायचं ते एवढंच. बसणं कसं आहे : कंबर मागे टेकलेली, पायांना आधार, हनुवटी किंचित खाली? की डोकं मागे कललेलं आहे, म्हणजे घास गुरुत्वाकर्षणानेच घशात ओघळतोय? चमचा केवढा, आणि आधीचा घास गिळला गेल्यावरच पुढचा येतोय का? गिळताना गळ्यावरची घाटी वर जाऊन खाली येते, ती मोजता येते. ठसका, डोळ्यांतलं पाणी, जेवल्यावर ओला घरघरता आवाज, श्वास वाढणं, चेहऱ्याचा रंग बदलणं, हे दिसलं तर वेळेसह लिहायचं. ठसका नाही म्हणजे गिळणं ठीक, असं मात्र धरू नये. काहींच्या श्वासनलिकेत अन्न आवाज न करता उतरतं, आणि त्याचा माग लागतो तो छातीच्या वारंवारच्या संसर्गांतून. शेवटी, नकाराची खूण कोणती ते पाहायचं. दादा पोट भरल्यावर डोळे मिटून घेतात आणि दमल्यावर ओठ आवळतात. ओठ आवळणं म्हणजे भूक संपली असं समजून नव्या ताई ताट उचलत होत्या. जुन्या मावशी दोन मिनिटं थांबत, पाठीवर हात ठेवत आणि पुन्हा सुरू करत. हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

ताट ते पोट, हिशोब

दुपारच्या जेवणात दादांना ३८० ग्रॅम वाढलं जात होतं. नव्या ताईंनी भरवलं त्या दिवशी ताटात ४० ग्रॅम उरलं, कापडात आणि खाली ९५ ग्रॅम गेलं. पोटात गेलं २४५ ग्रॅम, म्हणजे वाढलेल्याच्या सुमारे ६४ टक्के. वेळ लागला १४ मिनिटं, ठसके तीन. वहीत नोंद, ‘पूर्ण जेवण’. जुन्या मावशींच्या दिवशी ताटात २० ग्रॅम उरलं, सांडलं ३५, पोटात ३२५. वेळ ३५ मिनिटं, ठसका नाही. एकाच माणसाच्या एकाच जेवणात ८० ग्रॅमचा फरक.

पण मावशी भरवत होत्या त्या दिवसांतही वजन सावरत नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. चार महिन्यांपूर्वी दादांना घास अडकला होता आणि त्यानंतर सगळं जेवण मिक्सरमधून गुळगुळीत करायचं ठरलं. गुळगुळीत व्हायला पाणी लागतं. वाटी तीच, भरलेलीही तितकीच, पण ३८० ग्रॅममध्ये आता ११० ग्रॅम वरून घातलेलं पाणी होतं. खरं अन्न २७० ग्रॅम. त्या हिशोबाने ताईंच्या हातून पोटात गेलेल्या २४५ ग्रॅममध्ये अन्न होतं साधारण १७४ ग्रॅम, म्हणजे मिक्सर येण्याआधी जेवढं वाढलं जायचं त्याच्या निम्म्याहून कमी. मावशींच्या हातूनही २३१ ग्रॅमच.

ही तूट दिवसाला किती असेल? अंगावरचा एक किलो म्हणजे ढोबळ ७००० कॅलरी धरतात. २.९ किलोंचे होतात साधारण २०,३००. पाच महिन्यांच्या दीडशे दिवसांत वाटले तर दिवसाला सुमारे १३५ कॅलरी. स्नायू झिजला असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे रोजचे थोडेसेच घास. इतकी लहान तूट जेवणाच्या वहीत कधीच दिसणार नाही. ती फक्त वजनात साठत जाते.

पोटात गेल्यावरही अन्न हरवतं

ताटाचा हिशोब बरोबर जुळला आणि तरी वजन घसरत असेल, तर कारण पुढे आहे. जेवल्यानंतरचा एक तास पाहावा. अन्न तोंडात परत येतंय का, उशीवर आंबट वासाचे डाग आहेत का, आडवं केल्यावर अस्वस्थ होतात का? आम्ल वर येण्याचा त्रास या लोकांमध्ये बऱ्याच जणांना असतो आणि तो बोलून दाखवता न आल्याने वर्षानुवर्षं ‘स्वभाव’ म्हणून खपतो. एका बाजूने चावणं, थंड पदार्थाला दचकणं, चेहऱ्याला हात लावू न देणं म्हणजे दात पाहायची वेळ. बद्धकोष्ठतेने भूक जाते, म्हणून शौचाची नोंद जेवणाच्या नोंदीशेजारी ठेवून वाचावी.

औषधांची यादी तारखांसह मागवावी आणि वजनाच्या तक्त्यावर त्या तारखांच्या खुणा कराव्यात. फिटसाठी दिलं जाणारं टोपिरामेट भूक आणि वजन कमी करू शकतं. उलट व्हॅल्प्रोएट आणि ओलान्झापिन वजन वाढवू शकतात. वजन चढत असेल तरी ही खूण कामी येते, आणि डाउन सिंड्रोममध्ये अशा वेळी थायरॉइडही तपासून घ्यावं. त्याच लोकांत चाळिशीनंतर जेवण विसरणं किंवा घास तोंडातच धरून ठेवणं सुरू झालं, तर स्मृतिभ्रंशाचा विचार करायला हवा. कोणतंही औषध आपल्या मनाने थांबवायचं नाही, फिटचं तर मुळीच नाही. तक्ता डॉक्टरांसमोर ठेवायचा.

मग काय केलं

दादांच्या बाबतीत क्रम असा ठेवला. ठसके आणि मागच्या वर्षातले छातीचे दोन संसर्ग पाहून गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे त्याच आठवड्यात चिठ्ठी दिली. जेवण किती मऊ आणि पेय किती दाट असावं, हा निर्णय त्यांचा. घाबरून आपणच सगळं मिक्सरला लावणं किंवा पाण्यात पावडर घालून ते दाट करणं, दोन्हींनी नुकसान होतं. दाट केलेलं पाणी कित्येकांना आवडत नाही आणि मग ते पाणीच कमी पितात.

चिठ्ठीची वाट पाहत असताना स्वयंपाकघरात एवढाच बदल केला की मिक्सरमध्ये पाण्याऐवजी दूध किंवा त्या पदार्थाचाच दाटसर रस घालायचा आणि वरून एक चमचा तेल किंवा तूप. वाटी वाढवली नाही. १४ मिनिटांत दमणाऱ्या माणसापुढे मोठी वाटी ठेवली तर फक्त सांडणं वाढतं. दोन जेवणांच्या मध्ये एक छोटं खाणं जोडलं. चमचा लहान घेतला. मावशींच्या पद्धतीचा एक कागद तयार केला : कसं बसवायचं, ओठ आवळले तर दोन मिनिटं थांबायचं, डोळे मिटले तर संपवायचं. शेजारी त्यांच्या बसण्याचा एक फोटो. वहीतला ‘पूर्ण’ हा रकाना काढून तिथे तीन रकाने केले : वाढलं, उरलं, सांडलं. शेवटच्या दोन रकान्यांत चमच्यांचा अंदाज चालतो, रोज काटा नको.

काही गोष्टींना मात्र आठवडाही थांबायचं नसतं. जेवताना ओठ निळसर होणं, ताप आणि धाप, दिवसभरात लघवी अगदी थोडी आणि गडद, किंवा अचानक सगळंच नाकारणं, यांत त्याच दिवशी डॉक्टर. आणि जो माणूस दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच खात नव्हता, किंवा ज्याचं वजन तीन-सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त उतरलं आहे, त्याला एकदम भरपूर खायला घालू नये. अन्न पुन्हा सुरू झाल्यावर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली जाऊन हृदयाला धोका होतो. तिथे सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, थोड्याथोड्याने करावी लागते.

दादांचं वजन पहिल्या आठवड्यात ४३.७ भरलं, म्हणजे आणखी खाली. इथे घाबरून योजना बदलू नये. चार आठवड्यांचे आकडे एकत्र पाहावेत. पुढचे तीन होते ४३.९, ४४.० आणि ४४.३. बाराव्या आठवड्यात ४५.४, दंड २३.१. त्यानंतर वजन पुन्हा महिन्यातून एकदा घ्यायला लागलो, पण एक अट ठेवून. भरवणारा माणूस बदलला, खुर्ची बदलली, औषध बदललं किंवा जेवणाचा मऊपणा बदलला, तर त्या तारखेपासून चार आठवडे दर आठवड्याला काटा. दादांच्या तक्त्यावर सगळ्यात वर आता ५१ लिहिलेलं आहे आणि त्याखाली, कंसात, रिकाम्या खुर्चीचं त्या दिवशीचं वजन.